फोटोतल्या होस्टेल नियमांचं अरबी भाषांतर: 'सक्त मनाई' नेमकी कशी लिहायची

प्रश्न: आमच्या होस्टेलच्या नोटीस बोर्डाचा मोबाईलवर काढलेला फोटो आहे, मराठीत आठ-नऊ ओळींचे नियम आहेत आणि खाली दंडाचं लिहिलंय. आता अरबी बोलणारी मुलं राहायला आलीत, त्यांच्यासाठी अरबीत करायचंय. भाषा उद्धट वाटू नये पण दंड म्हणजे दंड हेही कळलं पाहिजे. कसं करू?

उत्तर:

मी असल्या नोटिसा बरीच वर्षं करतोय, होस्टेलच्या, कारखान्याच्या, स्टाफ क्वार्टर्सच्या, आणि माझा अनुभव असा की अरबी येणारा माणूससुद्धा इथे चुकतो, ते व्याकरणात नाही, नोटिशीत कुठली ओळ विनंती आहे आणि कुठली मनाई हे त्याने आधी ठरवलेलंच नसतं म्हणून. सगळीकडे 'कृपया' टाकला की नोटीस पांगळी होते, सगळीकडे 'मनाई' टाकली की जेलची पाटी होते. तर तुमच्यासारखीच एक नोटीस घेतो आणि ती कशी करायची ते दाखवतो.

समजा फोटोत हे आहे (मी बनवलेला नमुना आहे, पण असल्या नोटिसा साधारण अशाच असतात):

सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की,
१. रात्री १० नंतर वसतिगृहात प्रवेश मिळणार नाही.
२. खोलीत हीटर व इस्त्री वापरण्यास सक्त मनाई आहे. आढळल्यास वस्तू जप्त करून ५०० रु. दंड वसूल करण्यात येईल.
३. खोली व स्वच्छतागृह स्वच्छ ठेवावे.
४. बाहेरील व्यक्तीस परवानगीशिवाय खोलीत आणू नये.
५. विनापरवानगी गैरहजर राहणाऱ्याने लेखी खुलासा द्यावा, पालकांना कळविले जाईल.
६. तक्रार असल्यास कार्यालयात लेखी द्यावी.
नियम मोडल्यास कडक कारवाई करण्यात येईल, कोणाचीही गय केली जाणार नाही, याची नोंद घ्यावी.

पहिलं काम अरबीचं नाहीच. फोटो मोठा करून मराठी मजकूर जसाच्या तसा स्वतः टाईप करून काढा, ओळ क्रमांकासकट. मोबाईलमधलं फोटोवरून मजकूर उचलणारं फीचर वापरलंत तरी नंतर फोटोशी शब्द न् शब्द ताडून बघा, कारण लॅमिनेट केलेल्या कागदावर फ्लॅशची चमक पडते आणि नेमका आकडाच खाऊन टाकते. मराठी आकड्यांत १ आणि ९ हे पुसट प्रिंटवर सहज गोंधळतात, त्यात कुणीतरी जुन्या रकमेवर पांढरी पट्टी चिकटवून पेनाने नवी रक्कम लिहिलेली असते आणि फोटोत दोन्ही थोडी थोडी दिसतात. रक्कम, वेळ आणि तारीख या तीन गोष्टी फोटोवरून अंदाजाने कधीच लिहायच्या नाहीत, नोटीस लावणाऱ्याला फोन करून विचारायचं. विचारून कळलं नाही किंवा कोपरा कापला गेलाय तर तिथे चौकटी कंसात 'अस्पष्ट' असं अरबीत लिहा, शिक्का आणि सही पण तशाच कंसात दाखवा:

```
[غير واضح]
[ختم]
[توقيع]
```

अनुक्रमे अस्पष्ट, शिक्का, सही. कच्च्या मसुद्यात हे राहू दे, भिंतीवर लावायच्या प्रतीत मात्र 'अस्पष्ट' राहता कामा नये, कारण अर्धवट आकड्याचा दंड कोण भरणार.

आता टाईप केलेल्या मराठीवर पेन्सिलने खुणा करा. मी समासात वि, म, दं अशी अक्षरं टाकतो: विनंती, मनाई, दंड. वरच्या नोटिशीत ३ आणि ६ विनंती किंवा साधी सूचना, १, २ चा पहिला भाग आणि ४ मनाई, २ चा दुसरा भाग आणि शेवटची ओळ दंड. पाचवी ओळ मिश्र आहे, त्यात एक काम करायला सांगितलंय आणि एक परिणाम सांगितलाय. या तीन प्रकारांना अरबीत तीन वेगळी क्रियापदं लागतात आणि सगळा टोन त्यातूनच येतो.

विनंतीला 'युरजा'. अर्थ 'अपेक्षा आहे, कृपया', आणि त्याच्यापुढे क्रियापदाचं नाम येतं, म्हणजे आपल्या 'ठेवणं', 'देणं' सारखं. मनाईला 'युमनअ' किंवा जरा सौम्य हवं तर 'ला युस्महु बि', म्हणजे परवानगी नाही. दंडाला 'तुफ्रद गरामा', म्हणजे दंड आकारला जातो. ही तिन्ही रूपं कर्मणी आहेत, करणारा कोण ते सांगतच नाहीत, आणि म्हणूनच ती सभ्य वाटतात. आपल्या 'करण्यात येईल' चं काम तिथे हे करतं.

याचा आणखी एक मोठा फायदा आहे जो बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. अरबी आज्ञार्थाला लिंग आणि वचन चिकटलेलं असतं, 'बंद कर' एका मुलाला वेगळं, एका मुलीला वेगळं, अनेकांना वेगळं. भिंतीवरच्या नोटिशीत एका मुलाला उद्देशून आज्ञा लिहिली तर मुलींच्या मजल्यावर ती विचित्र दिसते, आणि शिवाय कोणीतरी आपल्यालाच एकट्याला बोट दाखवून बोलतंय असं वाटतं. 'युरजा' पुढे नाम टाकलं की हा प्रश्नच मिटतो. तिसरी ओळ बघा:

```
يُرجى المحافظة على نظافة الغرف ودورات المياه.
```

'युरजा अल-मुहाफझा अला नझाफत अल-गुरफ व दौरात अल-मियाह', खोल्या आणि स्वच्छतागृहांची स्वच्छता राखावी ही विनंती. कोणालाच थेट 'तू कर' म्हटलेलं नाही. फक्त मुलींचं होस्टेल असेल तर जिथे 'विद्यार्थी' हा शब्द येतो तिथे तेवढं 'तुल्लाब' च्या जागी 'तालिबात' करा, आणि त्या शब्दाला जोडलेली रूपं पण तपासा.

आता दुसरी ओळ, यात सगळा जीव आहे म्हणून जरा थांबतो.

'सक्त मनाई' ला अरबीत जवळजवळ हुबेहूब जोडीदार आहे: 'युमनअ मनअन् बात्तन्'. शब्दशः 'ठाम मनाईने मना केलं जातं'. अरबीत क्रियापदावर जोर द्यायला त्याच क्रियापदाचं नाम परत वापरतात, त्यामुळे हे वाचताना अरबी माणसाला ओरडल्यासारखं वाटत नाही, नियम पक्का आहे एवढंच कळतं. गंमत म्हणजे आपला 'मनाई' हा शब्द मूळ अरबी 'मनअ' वरूनच आलेला, म्हणजे आपण तो घरीच परत पाठवतोय. पण हे जोराचं रूप नोटिशीत एकदा, फार तर दोनदा वापरा. मी सुरुवातीला एका कारखान्याच्या नोटिशीत सातही मनाईंना 'मनअन् बात्तन्' लावलं होतं, तिथला अरबी सुपरवायझर हसून म्हणाला, मग यातली खरी मनाई कुठली? मूळ मराठीत जिथे 'सक्त' आहे तिथेच ते टाका, जिथे नुसतं 'नये' आहे तिथे साधी मनाई पुरे.

आणि उलट चूक. 'युरजा अदम', म्हणजे 'कृपया करू नका', हे रूप अरबी पाट्यांवर खूप दिसतं आणि छान वाटतं, म्हणून नवखे लोक सगळीकडे तेच लावतात. आवाज करू नका, दिवे चालू ठेवू नका, असल्या गोष्टींना ते चालतं. पण ज्या ओळीच्या शेवटी दंड आहे तिथे कधीच नाही, कारण विनंती न ऐकल्याबद्दल दंड कसा? मुलगा तुमच्याकडे येऊन हेच म्हणेल, आणि नोटीस वाचून त्याचं म्हणणं बरोबरच असेल.

आता 'हीटर'. मराठीत आपण खोली गरम करायच्या यंत्राला पण हीटर म्हणतो, बादलीत टाकायच्या रॉडला पण, आणि कॉइलच्या शेगडीला पण. अरबीत तीनही वेगळे: खोली गरम करणारं ते 'मिद्फआ', पाणी तापवणारं ते 'सख्खान', स्वयंपाकाचं ते 'मौकिद'. 'मिद्फआ' लिहिलंत आणि मुलगा रॉड वापरताना सापडला तर नोटिशीप्रमाणे तो निर्दोष आहे. वॉर्डनला विचारा की तुम्हाला नेमकं काय नकोय. बहुतेक वेळा उत्तर येतं 'सगळंच', मग 'गरम करायची आणि स्वयंपाकाची विजेची उपकरणं' असं सरळ लिहायचं, आणि ते मूळ मराठीपेक्षा वेगळं होतंय म्हणून वॉर्डनची संमती मेसेजवर घेऊन ठेवायची. खाली मी तेच धरलंय.

पुढे 'जप्त करून दंड वसूल करण्यात येईल'. इथे मराठी माणसाला एक खास खड्डा आहे. आपल्या कचेरीच्या भाषेत अरबीतून आलेले शब्द भरपूर, पण वाटेत त्यांचे अर्थ बदललेत, त्यामुळे ओळखीचा शब्द दिसला की हात आपोआप तिकडे जातो आणि फसतो. 'जप्त' चा मूळ अरबी शब्द 'दब्त', त्याचा अर्थ नियंत्रण, नीट बसवणं, पोलिसांनी पकडणं असाही होतो. काढून घेणं याला शब्द 'मुसादरा'. 'वसूल' म्हणजे अरबीत 'वुसूल', पोचणं, आगमन! विमानतळावर आगमनाच्या पाटीवर हाच शब्द असतो. पैसे वसूल करणं म्हणजे 'तहसील' (हो, आपली तहसील तिथूनच). 'रक्कम' तर अजून मजेशीर, अरबीत 'रकम' म्हणजे आकडा किंवा नंबर, पैशाची रक्कम म्हणजे 'मब्लग'. आणि 'दंड' ला शब्दकोशात 'उकूबा' सापडेल, ती शिक्षा झाली. पैशाचा दंड म्हणजे 'गरामा'. ५०० ची 'उकूबा' लिहिलंत तर वाचणारा गोंधळेल की नक्की काय करणार आहेत.

एक आणखी प्रश्न: जप्त केलेली वस्तू परत मिळणार का? 'मुसादरा' वाचून मुलाला वाटेल गेली ती गेलीच. होस्टेल सोडताना परत देत असाल तर 'तुसहब' म्हणजे काढून घेतली जाते, आणि पुढे परत कधी देणार ते लिहा. मूळ नोटिशीत काही नसेल तर स्वतःच्या मनाने भर घालायची नाही, विचारायचं, नाहीच उत्तर आलं तर 'मुसादरा' ठेवायचं कारण 'जप्त' चा साधा अर्थ तोच.

म्हणजे दुसरी ओळ अशी होते:

```
يُمنع منعًا باتًّا استخدام أجهزة التدفئة والتسخين والطهي
الكهربائية والمكاوي في الغرف. وفي حال المخالفة تُصادَر
الأجهزة وتُفرض غرامة قدرها 500 روبية.
```

'व फी हाल अल-मुखालफा' म्हणजे नियम मोडल्यास, हे आपल्या 'आढळल्यास' पेक्षा जरा रुंद आहे पण अरबी नोटिशीत हेच रुळलेलं. नुसतं 'सापडल्यास' असं शब्दशः केलं तर अर्थ असा निघतो की सापडला नाहीस तर चालतंय. 'कद्रुहा' म्हणजे 'इतक्या रकमेचा', दंडाच्या आकड्याआधी तो टाकला की वाक्य ऑफिशियल वाटतं. 'रूबिय्या' मात्र अरबीत एकापेक्षा जास्त देशांच्या चलनाला म्हणतात, इंडोनेशियाच्या रुपियालाही, तर वाचणाऱ्यांत वेगवेगळ्या देशांची मुलं असतील तर देशाचं नाव जोडून लिहा. आणि अरबीत मोजलेल्या नामाचं रूप आकड्याप्रमाणे बदलतं, ३ ते १० ला अनेकवचन, ११ ते ९९ ला आणि पूर्ण शंभर-हजारांना एकवचन, म्हणजे ५ असेल तर 'रूबिय्यात' आणि ५०० असेल तर 'रूबिय्या'. पुढच्या वर्षी दंड बदलून फक्त आकडा खोडून नवा घातला की ही चूक होते, म्हणून आत्ताच सांगून ठेवा.

आकड्यांचं अजून एक. पूर्वेकडच्या अरब देशांत वेगळे आकडे चालतात, मोरोक्को, अल्जेरिया, ट्युनिशियाकडे इंग्रजी पद्धतीचे. मिश्र मुलं असतील तर इंग्रजी आकडे सगळ्यांना कळतात, मी तेच वापरतो. पण अरबी आकडे वापरायचेच असतील तर प्रूफ तपासताना सावध राहा, कारण त्यांचा पाच अगदी आपल्या शून्यासारखा गोल असतो आणि त्यांचं शून्य म्हणजे नुसता ठिपका:

```
500 = ٥٠٠
```

मराठी डोळ्याला हे 'शून्य ठिपका ठिपका' दिसतं, आणि मी स्वतः एकदा घाईत पाच हा शून्य समजून 'दुरुस्त' केलाय. छापायच्या आधी पकडलं गेलं म्हणून बरं.

पहिली ओळ सोपी आहे, वेळेपुरतं लक्ष द्या:

```
لا يُسمح بالدخول إلى السكن بعد الساعة العاشرة مساءً.
```

वेळ शब्दांत लिहिली, 'अल-आशिरा मसाअन', संध्याकाळ-रात्रीचे दहा. '१० ते ६' अशी पट्टी असेल तर मध्ये नुसती रेघ देऊ नका. अरबी उजवीकडून डावीकडे आणि त्यातले आकडे डावीकडून उजवीकडे, त्यामुळे रेघेच्या दोन बाजूचे आकडे आधी-नंतर काय आहे आणि मध्ये जागा सोडलीय का यावर कधी सरळ कधी उलटे दिसतात, आणि 'रात्री १० ते सकाळी ६' चं 'सकाळी ६ ते रात्री १०' होऊन बसतं, म्हणजे नियम बरोबर उलटा. 'मिन' आणि 'हत्ता' (पासून, पर्यंत) हे शब्द लिहा, काम संपलं. होस्टेलला 'सकन', वॉर्डनला 'मुशरिफ अस-सकन'. शब्दकोशातला 'बैत शबाब' घेऊ नका, ते प्रवाशांचं युथ होस्टेल.

चौथ्या ओळीत सगळ्यात नाजूक चूक होते. 'बाहेरील व्यक्ती' ला पटकन सुचणारा अरबी शब्द 'अजानिब', त्याचा अर्थ परदेशी लोक! म्हणजे नुकत्याच आलेल्या परदेशी मुलांच्या खोलीबाहेर पाटी: परदेशी लोकांना आणायला मनाई. हा प्रकार मी एका वसतिगृहात भिंतीवर लागलेला प्रत्यक्ष बघितलाय, दोन दिवसांनी काढला त्यांनी. 'गुरबा' म्हणजे अनोळखी, तेही बरोबर नाही, मुलाचा सख्खा भाऊ अनोळखी नसतो पण नियम त्यालाही लागू आहे. सरळ 'सकनमध्ये न राहणारे' असं लिहा:

```
لا يُسمح بدخول غير المقيمين إلى الغرف إلا بإذن مسبق.
```

'ला युस्महु बि-दुखूल गैर अल-मुकीमीन इला अल-गुरफ इल्ला बि-इझ्न मुसबक'. 'नये' ला मी 'परवानगी नाही' लावलं, कारण इथे 'सक्त' नाही आणि परवानगी घेऊन आणता येतं. 'इल्ला' म्हणजे 'याशिवाय', वाट मोकळी ठेवलेली आहे हे त्यातून स्वच्छ कळतं.

पाचव्या ओळीत परत तो ओळखीच्या शब्दांचा खड्डा. 'लेखी खुलासा' मधला 'खुलासा' अरबीत 'खुलासा' च लिहिला तर मुलगा सारांश आणून देईल, तिथे त्याचा अर्थ सारांश. हवाय तो शब्द 'इफादा खत्तिय्या', लेखी निवेदन. तसंच सहाव्या ओळीत 'तक्रार', अरबी 'तकरार' म्हणजे पुनरावृत्ती, तक्रारीला 'शक्वा', अनेकवचन 'शकावा'. आणि नोटिशीत 'हरकत' असेल तर अरबीत 'हरका' म्हणजे हालचाल, हरकतीला 'इतिराद'. सगळेच फसवे नाहीत बरं का, 'मुदत' (मुद्दा) आणि 'इमारत' (इमारा) तिथेही जवळजवळ तेच आहेत, पण प्रत्येक वेळी तपासल्याशिवाय हात लावायचा नाही.

```
على من يتغيّب دون إذن تقديم إفادة خطية بالأسباب،
وسيُبلَّغ وليّ أمره.
تُقدَّم الشكاوى خطيًّا إلى مكتب السكن.
```

'अला मन' म्हणजे 'ज्याने असं केलं त्याच्यावर आहे', हे बंधन सांगायचं सभ्य रूप. 'यजिब' म्हणजे 'केलंच पाहिजे' हेही चाललं असतं पण ते जरा शाळामास्तरी वाटतं. 'वली अम्र' म्हणजे पालक, नुसतं 'वालिद' लिहिलं तर फक्त वडील. आणि 'सयुबल्लग' मधला सुरुवातीचा 'स' हा भविष्यकाळ, कळवलं जाईल, नक्की.

या 'स' वरून दंडाची खरी गोष्ट येते. मराठीत 'कारवाई करण्यात येईल' आणि 'कारवाई होऊ शकते' यात फरक आहे, आणि भाषांतरात तो सर्रास पुसला जातो. अरबीत 'स' लावला की होणारच. 'कद' लावून पुढे वर्तमानकाळी रूप दिलं की होऊ शकतं. आणि 'यहिक्क लिल-इदारा' म्हटलं की व्यवस्थापनाला तसा हक्क आहे, वापरतील न वापरतील. मूळ नोटिशीत जे आहे तेच घ्या. मुलं घाबरतील म्हणून 'होईल' चं 'होऊ शकते' करू नका आणि कडक दिसावं म्हणून उलटंही नको, कारण उद्या दंड लावायची वेळ आली की दोन भाषांतल्या नोटिसा शेजारी शेजारी ठेवून भांडण होतं. फक्त एक सांभाळा, 'कद' पुढे भूतकाळी रूप आलं तर अर्थ 'झालेलंच आहे' असा होतो, एका अक्षराचा खेळ आहे.

असाच दुसरा प्रश्न 'खोलीतील सर्वांना ५०० रु. दंड' अशा ओळीचा. प्रत्येकी ५०० की सगळ्यांत मिळून ५००? मराठीत हे झाकून जातं. अरबीत 'अला कुल्लि तालिब' (प्रत्येक विद्यार्थ्यावर) किंवा 'अला अल-गुरफा' (खोलीवर) यातलं एक लिहावंच लागतं. विचारून घ्या, तीन जणांच्या खोलीत तिप्पट फरक पडतो.

शेवटची ओळ:

```
وستُتَّخذ إجراءات صارمة بحق المخالفين دون استثناء.
```

'इजराआत सारिमा' म्हणजे कडक कारवाई. इथे लोक 'कानूनिय्या' म्हणजे कायदेशीर असा शब्द घुसडतात, 'कारवाई' ऐकलं की कोर्टच आठवतं बहुतेक. मूळ नोटिशीत 'कायदेशीर' नाही तर तुमच्या अरबीतही नको, परदेशातल्या मुलाला कायदेशीर कारवाई म्हटलं की व्हिसाच डोळ्यासमोर येतो. 'कोणाचीही गय केली जाणार नाही' याला 'दून इस्तिस्ना', अपवाद न करता. शब्दशः 'दया दाखवणार नाही' केलंत तर फार भयानक वाचतं, आपल्याकडे ती नुसती नोटिशीची बोली आहे, कोणी शब्दशः घेत नाही.

'याची नोंद घ्यावी' वेगळं करायची गरज नाही, ते सुरुवातीच्या ओळीत मुरवून टाका. 'सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की' ला वर हे:

```
تعليمات السكن
يُرجى من جميع الطلاب العلم والالتزام بما يلي:
```

मथळा 'तालीमात अस-सकन', म्हणजे होस्टेलच्या सूचना. 'इनझार' हा शब्द मथळ्यात नको, ती शिस्तीची नोटीस असते, एखाद्याला वैयक्तिक मिळते ती. सौजन्य दाखवायची जागा म्हणजे ही वरची ओळ आणि अगदी तळाची ओळ, 'सहकार्याबद्दल आभार':

```
شاكرين لكم حسن تعاونكم.
إدارة السكن
```

ही दंडाच्या खाली येते आणि मराठी माणसाला वाटतं की धमकी देऊन आभार कसले, पण अरबी नोटिशीत हे अगदी नेहमीचं आहे. मूळ मराठीत आभार नाहीत तर वॉर्डनला विचारून घाला, अर्थ बदलत नाही आणि सगळी नोटीस मऊ होते, मधल्या मनाईंना धक्का न लावता. तुमच्या नोटिशीखाली 'आदेशावरून' असं लिहिलेलं असेल तर ते मात्र शब्दशः करू नका, लष्करी वाटतं, 'इदारत अस-सकन' म्हणजे होस्टेल व्यवस्थापन एवढं पुरे.

नोटीस ऑफिस किंवा कारखान्याची असेल तर पद्धत हीच, तीन शब्द वेगळे लागतात. तोंडी ताकीद 'इनझार शफही', लेखी ताकीद 'इनझार खत्ती', आणि पगारकपात 'खस्म मिन अर-रातिब'. यातला 'मिन अर-रातिब' (पगारातून) कधीही गाळू नका, नुसतं 'खस्म' दुकानात लावलेलं असतं, सूट! आणि तंबी, कपात, कामावरून काढणं असा चढता क्रम असेल तर पहिल्या वेळी, दुसऱ्या वेळी असं स्पष्ट लिहा, एका वाक्यात तीनही कोंबले की वाचणाऱ्याला तिन्ही एकदम होणार असं वाटतं.

टाईप करताना दोन गोष्टी. 'युमनअ' च्या पहिल्या अक्षरावरची छोटी उकाराची खूण, 'दम्मा', ठेवाच, नाहीतर ते 'यमनअ' (तो मना करतो) असंही वाचता येतं. बाकी सगळ्या अक्षरांवर खुणा नकोत, लहान मुलांचं पुस्तक दिसतं. दुसरं, वर्डमध्ये नुसतं उजवीकडे सरकवून भागत नाही, परिच्छेदाची दिशाच उजवीकडून डावीकडे करावी लागते, नाहीतर पूर्णविराम आणि क्रमांक भलत्या टोकाला जातात. काही पोस्टर बनवायच्या ॲपमध्ये अरबी अक्षरं सुटी सुटी आणि उलट क्रमाने पडतात. अरबी येत नसेल तरी हे ओळखता येतं, अरबी शब्दात बरीचशी अक्षरं एकमेकांना जोडलेली असतात, सगळीच मोकळी उभी दिसली की मोडलंय समजा. पीडीएफ करूनच प्रिंटला द्या. आणि ठळक करायचं असेल तर फक्त दंडाची ओळ ठळक करा, तिरकी अक्षरं आणि तीन-तीन उद्गारचिन्हं काढून टाका.

लावायच्या आधी तिथल्याच एखाद्या अरबी मुलाला वाचायला द्या, पण 'बरोबर आहे का' असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. त्याला विचारा: रात्री साडेदहाला आलास तर काय होईल? तुझा भाऊ खोलीत येऊ शकतो का? पाणी तापवायचा रॉड सापडला तर रॉडचं काय होणार आणि तू किती भरणार? जिथे तो थांबून परत वाचायला लागेल ती ओळ परत लिहायची.